नव्या फोनसोबत घेतलेला प्रोटेक्शन प्लॅन रद्द कसा करायचा आणि उरलेल्या काळाचे पैसे परत कसे मिळवायचे

ठाण्यात गोखले रोडवर घ्या, वाशीच्या मॉलमध्ये घ्या किंवा घरबसल्या ऑनलाइन मागवा, हल्ली नवा फोन सहसा एकटा येत नाही. बिलात खाली एक जास्तीची ओळ असते: स्क्रीन प्रोटेक्शन, टोटल डॅमेज कव्हर, एक्स्टेंडेड वॉरंटी किंवा याहून भारदस्त काही नाव, आणि समोर हजार-दीड हजारापासून चार-पाच हजारांपर्यंत रक्कम. फोन हप्त्यांवर घेतला असेल तर ही रक्कम महिन्याच्या हप्त्यात मिसळून जाते आणि बरेच दिवस लक्षातही येत नाही.

असा प्लॅन रद्द होतो आणि बऱ्याचदा न वापरलेल्या काळाचे पैसेही मिळतात. मी आधी माझ्या फोनसाठी आणि नंतर ऐरोलीला राहणाऱ्या वहिनीच्या फोनसाठी हे करून घेतलं. दुकानातला माणूस एक सांगतो, कस्टमर केअर दुसरं आणि फायनान्स कंपनी तिसरं. त्यातून नीट वाट निघावी म्हणून ज्या क्रमाने काम होतं त्याच क्रमाने लिहितो आहे. वहिनीचे कागद आणि आकडे हाताशी आहेत, म्हणून उदाहरण तिचंच घेतो.

## १. आधी शोधा: करार नेमका कोणाशी आहे?

बहुतेक लोक इथेच अडतात. प्लॅन दुकानाने विकला म्हणजे तो दुकानाचा, असं आपण धरतो. दुकानात जातो, तिथे सांगतात की आमचं काम फक्त विकायचं, कंपनीला फोन करा. फोनच्या कंपनीला विचारावं तर त्यांना त्या प्लॅनची खबरच नसते. कारण तो बऱ्याचदा तिसऱ्याच कंपनीचा असतो.

खरेदीच्या दिवशीचे मेसेज आणि ईमेल उघडा. फोनच्या बिलाशिवाय प्लॅनचं वेगळं बिल किंवा सर्टिफिकेट आलेलं असतं. त्यावर ‘सेवा देणारी कंपनी’ म्हणून ज्यांचं नाव, पत्ता आणि जीएसटी क्रमांक आहे, तुमचा करार त्यांच्याशी. रद्द करण्याचा अर्ज त्यांनाच जायला हवा, दुकानाला फक्त प्रत.

हे कागद वाचताना प्लॅन कोणत्या जातीचा आहे तेही ठरवा. इथे तीन शक्यता असतात.

पहिली शक्यता म्हणजे फोन बनवणाऱ्या कंपनीचा स्वतःचा प्लॅन, जसा ॲपलकेअर प्लस किंवा सॅमसंग केअर प्लस. यात बोलायला सहसा एकच पक्ष असतो आणि रद्द करण्याच्या अटी कंपनीच्या साइटवर लिहिलेल्या असतात. वाट तुलनेने सरळ.

दुसरी शक्यता, सेवा-करार. प्लॅनची कंपनी पैसे घेते आणि फोन बिघडला तर दुरुस्त करून देते. दुकानातून विकले जाणारे बरेच प्लॅन या जातीचे असतात. अशा करारात मध्येच रद्द केल्यावर किती पैसे परत द्यायचे याचा सरकारने घालून दिलेला एकच सरसकट नियम नाही. अटी-शर्तींत जे लिहिलं आहे त्यावर सगळं चालतं. म्हणून त्या अटींची पीडीएफ हा तुमचा सर्वांत महत्त्वाचा कागद.

तिसरी शक्यता, खरोखरचा विमा. कागदावर विमा कंपनीचं नाव, विमा नियामक आयआरडीएआयचा नोंदणी क्रमांक आणि पॉलिसी किंवा सर्टिफिकेट क्रमांक दिसला तर तो विमा. इथे तुमची बाजू जास्त भक्कम असते. आयआरडीएआयच्या ११ जून २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे किरकोळ ग्राहक आपली जनरल इन्शुरन्स पॉलिसी कारण न देता केव्हाही रद्द करू शकतो. पॉलिसी एका वर्षापर्यंतची असेल आणि त्यात क्लेम घेतलेला नसेल, तर उरलेल्या काळाचा प्रीमियम त्या प्रमाणात परत द्यावा लागतो. पॉलिसी एकाहून जास्त वर्षांची असेल, तर ज्या वर्षांचं संरक्षण अजून सुरूच झालेलं नाही त्यांचा प्रीमियम परत मिळतो.

एक गुंता मात्र लक्षात ठेवा. कधी कधी प्लॅनची कंपनी स्वतःच्या नावावर ग्रुप पॉलिसी काढते आणि तुम्हाला त्यातलं सर्टिफिकेट देते. मग वरचा नियम जसाच्या तसा लागू होईल असं धरून चालू नका. त्या मूळ ग्रुप पॉलिसीच्या अटी लेखी मागवून घ्या.

वहिनीचा प्लॅन दुसऱ्या जातीचा, म्हणजे सेवा-करार निघाला.

## २. कागद गोळा करा

अर्ज पाठवण्याआधी एका फोल्डरमध्ये एवढं ठेवा:

- फोनचं बिल आणि प्लॅनचं बिल किंवा सर्टिफिकेट
- प्लॅनच्या अटी-शर्तींची पीडीएफ, तीही खरेदीच्या वेळी आलेली
- फोनचा आयएमईआय क्रमांक (डायल पॅडवर *#06# दाबलं की दिसतो. दोन सिमच्या फोनला दोन क्रमांक असतात, बिलावर असेल तो लिहा)
- पैसे कसे भरले याचा पुरावा: कार्ड, यूपीआय, रोख पावती किंवा कर्जाचे कागद
- हप्त्यांवर घेतला असेल तर फायनान्स कंपनीचं की फॅक्ट स्टेटमेंट, म्हणजे केएफएस, कर्जाच्या मुख्य बाबी सांगणारा कागद
- रिफंड बँकेत हवा असेल तर रद्द केलेला चेक किंवा पासबुकचं पहिलं पान

केएफएसबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण हा कागद हाताशी असूनही फारसं कोणी उघडून बघत नाही. १ ऑक्टोबर २०२४ पासून सगळ्या नव्या किरकोळ कर्जांसाठी तो देणं रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केलं आहे, आणि तो कर्जदाराला समजेल अशा भाषेत असला पाहिजे. कर्ज देणारी कंपनी दुसऱ्या कोणासाठी तुमच्याकडून पैसे घेत असेल, उदाहरणार्थ विम्यासाठी, तर ते त्यात वेगळं दाखवावं लागतं. प्लॅनची रक्कम कर्जात धरली आहे की नाही हे हा कागद आणि कर्जमंजुरीचा कागद शेजारी ठेवले की समजतं. बिलातली फोनची किंमत आणि कर्जाची रक्कम यांत फरक दिसला तर तो कशाचा आहे ते विचारा.

बिलावरचं नाव आणि बँक खात्यावरचं नाव एकच आहे ना, हेही आत्ताच तपासा. नवऱ्याच्या नावावर बिल आणि रिफंड बायकोच्या खात्यात, अशी विनंती बहुतेक कंपन्या फेटाळतात आणि त्यात आठवडे जातात.

## ३. किती पैसे यायला हवेत ते स्वतः मोजा

कंपनीने आकडा सांगण्याआधी तुमच्याकडे आकडा तयार हवा. अटींमध्ये ‘रद्द करणे’ किंवा ‘कॅन्सलेशन’ या मथळ्याखाली तीन गोष्टी शोधा.

पहिली, पूर्ण पैसे परत मिळण्याची मुदत. बऱ्याच प्लॅनमध्ये सुरुवातीचे काही दिवस पूर्ण रिफंडचे असतात. तुम्ही अजून त्या मुदतीत असाल तर पुढचं वाचण्याआधी ईमेल पाठवून मोकळे व्हा.

दुसरी, त्यानंतरचा हिशेब कसा होतो. काही ठिकाणी दिवसांच्या प्रमाणात, काही ठिकाणी महिन्यांच्या, आणि काही ठिकाणी टप्प्यांचा तक्ता असतो: अमुक दिवसांपर्यंत इतके टक्के, त्यापुढे इतके. महिन्यांच्या हिशेबात सुरू झालेला महिना पूर्ण वापरला असं सहसा धरतात.

तिसरी, वजावट. प्रोसेसिंग चार्ज, आधी घेतलेल्या दुरुस्तीची किंमत आणि जीएसटी.

आता वहिनीचा हिशेब. प्लॅन २,९९९ रुपयांचा, जीएसटी धरून. मुदत १० ऑगस्ट २०२५ ते ९ ऑगस्ट २०२७, म्हणजे ७३० दिवस. तिने ३ जानेवारी २०२६ ला रद्द करण्याचा ईमेल पाठवला. तोवर १४६ दिवस झाले होते आणि ५८४ उरले होते. एकही क्लेम नाही. तिच्या अटींत दिवसांच्या प्रमाणात परतावा आणि वेगळा चार्ज नाही असं लिहिलं होतं. ५८४ भागिले ७३० म्हणजे ८० टक्के. २,९९९ चे ८० टक्के म्हणजे २,३९९ रुपये आणि वर २० पैसे.

कंपनीने उत्तरात १,७७९ रुपये सांगितले. जवळजवळ सहाशेवीस रुपयांचा फरक. तो कुठून आला हे उलगडलं तेव्हा दोन गोष्टी सापडल्या, आणि दोन्ही तुमच्या बाबतीत होऊ शकतात.

एक, त्यांनी जीएसटी बाजूला काढला होता. २,९९९ मध्ये मूळ किंमत २,५४१ रुपये ५३ पैसे आणि १८ टक्क्यांनी जीएसटी ४५७ रुपये ४७ पैसे. त्यांनी हिशेब फक्त मूळ किमतीवर केला. दोन, साइटवर तेव्हा असलेला टप्प्यांचा तक्ता लावला, ज्यात तिच्या टप्प्याला ७० टक्के होते. २,५४१.५३ चे ७० टक्के म्हणजे १,७७९.

तो तक्ता नंतर बदललेल्या अटींतला होता. तिच्या ईमेलमध्ये खरेदीच्या दिवशी आलेली पीडीएफ होती आणि तिच्यात तक्ताच नव्हता. तीच पीडीएफ कलम क्रमांकासह परत पाठवल्यावर हिशेब बदलला. म्हणून वर यादीत ‘खरेदीच्या वेळी आलेली’ हे शब्द मुद्दाम घातले आहेत. साइटवरची आजची प्रत तुमचा करार असेलच असं नाही.

जीएसटीचंही समजून घ्या. करार मध्येच संपला तर विकणारी कंपनी क्रेडिट नोट, म्हणजे बिलाची रक्कम कमी केल्याचा कागद, काढून उरलेल्या भागावरचा जीएसटी ग्राहकाला परत देऊ शकते आणि आपल्या करातून तो कमी करू शकते. पण या क्रेडिट नोटला मुदत आहे. ज्या आर्थिक वर्षात बिल झालं, ते संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंतच कंपनीला ती कराच्या हिशेबात धरता येते. वहिनीचं बिल ऑगस्ट २०२५ चं, म्हणजे आर्थिक वर्ष २०२५-२६, म्हणून मुदत ३० नोव्हेंबर २०२६. तिचा अर्ज त्याच्या कितीतरी आधीचा, त्यामुळे ‘जीएसटी सरकारला भरून झाला, आता परत येत नाही’ हे उत्तर तिने मान्य केलं नाही आणि क्रेडिट नोट मागितली. तुमचा अर्ज या मुदतीनंतरचा असेल तर मात्र कंपनी जीएसटीवर अडून बसण्याची शक्यता बरीच आहे. रद्द करायचंच असेल तर उशीर न करण्याचं हे एक पक्कं कारण.

निव्वळ एक्स्टेंडेड वॉरंटी घेतली असेल तर हिशेबाची सुरुवात कुठून होते ते मुद्दाम बघा. फोनला पहिलं वर्ष कंपनीची वॉरंटी असतेच, एक्स्टेंडेड वॉरंटी दुसऱ्या वर्षी सुरू होते. पहिल्या वर्षातच रद्द केली तर त्या संरक्षणाचा एकही दिवस वापरलेला नसतो. तरी काही कंपन्या खरेदीच्या तारखेपासून दिवस मोजतात. सर्टिफिकेटवर ‘संरक्षण सुरू’ होण्याची तारीख छापलेली असते, ती दाखवा आणि हिशेब तिथून करायला सांगा.

## ४. लेखी अर्ज पाठवा, फोनवर थांबू नका

रिफंडचे दिवस अर्जाच्या तारखेपासून मोजले जातात, आणि फोनवरच्या बोलण्याची तारीख नंतर सिद्ध करणं अवघड. कस्टमर केअरला फोन जरूर करा, तक्रार क्रमांक घ्या, पण त्याच दिवशी ईमेलही पाठवा. ईमेल प्लॅनच्या सर्टिफिकेटवर दिलेल्या पत्त्यावर, प्रत तक्रार निवारण अधिकाऱ्याला आणि दुकानाला. कर्ज असेल तर फायनान्स कंपनीलाही.

मजकूर लांबलचक नको. असा पुरतो:

> विषय: प्लॅन क्र. ______ रद्द करणे व उरलेल्या काळाचा परतावा
>
> मी दि. ______ रोजी ______ या फोनसोबत (आयएमईआय ______) वरील प्लॅन रु. ______ देऊन घेतला. आज दि. ______ पासून तो रद्द करावा. मी या प्लॅनवर कोणताही क्लेम घेतलेला नाही.
>
> खरेदीच्या वेळी मिळालेल्या अटींमधील कलम ______ प्रमाणे उरलेल्या ______ दिवसांचा परतावा जीएसटीसह रु. ______ होतो. रक्कम वेगळी येत असल्यास सविस्तर हिशेब आणि लागू केलेले कलम लेखी कळवावे. रद्द केल्याचे पत्र आणि क्रेडिट नोट पाठवावी.
>
> सोबत: दोन्ही बिले, अटींची प्रत, बँक तपशील.

मराठीत पाठवलं तरी चालतं. कंपनीचं ऑफिस बंगळुरू किंवा गुरुग्रामला असेल तर सोबत इंग्रजी प्रत दिली की काम लवकर हलतं, एवढंच.

ईमेलला ठरावीक छापील पोच आली तरी ती जपून ठेवा. काहीच आलं नाही तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने कंपनीच्या नोंदणीकृत पत्त्यावर पाठवा आणि पोचपावती मागा. जुनी रजिस्टर्ड पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टात मिळवली गेली आहे, त्यामुळे काउंटरवर आता स्पीड पोस्टच सांगायचं.

प्लॅनचं ॲप फोनमधून काढून टाकलं म्हणजे प्लॅन रद्द झाला असं अनेकांना वाटतं. तसं होत नाही. उलट रद्द झाल्याचं पत्र येईपर्यंत ॲप राहू द्या, कारण प्लॅनची स्थिती आणि क्लेम शून्य असल्याची नोंद तिथेच दिसते. तिचे स्क्रीनशॉट काढून ठेवा. तसंच, खरेदीनंतर प्लॅन कधी ॲक्टिव्हेट केलाच नसेल तरी अर्ज करा. ॲक्टिव्हेट न केलेला प्लॅन आपोआप रद्द होऊन पैसे घरी येत नाहीत.

## ५. या टप्प्यावर कोण काय सांगेल

दुकानात ऐकू येणारं पहिलं वाक्य: ‘फोनवर ऑफर होती, प्लॅन त्यातच होता, कंपल्सरी आहे.’ एक वस्तू देण्यासाठी दुसरी सेवा घ्यायलाच लावणं हा ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये ग्राहकावर निर्बंध घालणारी व्यापार प्रथा म्हणून नोंदलेला प्रकार आहे. यावर वाद घालायला नको, पण ‘कंपल्सरी होता हे लेखी द्या’ एवढं म्हणा. वहिनी असं म्हणाली आणि दुकानदाराने कंपनीचा ईमेल पत्ता काढून दिला.

फोन ऑनलाइन घेतला असेल आणि प्लॅन तुम्ही न निवडता कार्टमध्ये आला असेल, तर त्याला ‘बास्केट स्नीकिंग’ म्हणतात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ३० नोव्हेंबर २०२३ च्या डार्क पॅटर्नविषयीच्या, म्हणजे ग्राहकाला फसवणाऱ्या ऑनलाइन युक्त्यांविषयीच्या, मार्गदर्शक तत्त्वांत यावर बंदी आहे. असा प्रकार असेल तर प्रमाणात परतावा न मागता पूर्ण रक्कम मागा आणि ऑर्डरचे स्क्रीनशॉट जोडा.

कस्टमर केअरकडून बऱ्याचदा वेगळी ऑफर येते: रद्द करू नका, मुदत वाढवून देतो, व्हाउचर देतो. तुम्ही हो म्हणालात की आधीचा अर्ज मागे घेतला असं नोंदवलं जातं. नको असेल तर फोनवर नाही म्हणा आणि ईमेलवरही तेच लिहा. फोन विकणार असाल तर मात्र एक प्रश्न आधी विचारा: प्लॅन नव्या मालकाच्या नावावर करता येतो का? काही प्लॅनमध्ये येतो, आणि मग चालू संरक्षणासह फोनला मिळणारी जास्तीची किंमत रिफंडपेक्षा बरी पडू शकते.

आणि एक धोका, जो पैशांच्या दृष्टीने सर्वांत मोठा. कस्टमर केअरचा नंबर गुगलवर शोधू नका. रिफंडच्या शोधात असलेल्या लोकांसाठीच खोटे नंबर टाकलेले असतात. पलीकडचा माणूस स्क्रीन शेअर करणारं ॲप घ्यायला सांगतो किंवा ‘रिफंड स्वीकारण्यासाठी’ यूपीआय पिन टाकायला लावतो. पैसे येण्यासाठी पिन कधीच लागत नाही. नंबर फक्त सर्टिफिकेटवरचा किंवा ॲपमधला वापरा. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा, जितका लवकर तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

## ६. हप्त्यांवर घेतला असेल तर पैसे कुठे जातात

प्लॅनची रक्कम कर्जात धरलेली असेल तर रिफंड बऱ्याचदा तुमच्या खात्यात येत नाही, फायनान्स कंपनीकडे जातो. तिथे तो कर्जाच्या बाकीतून वजा व्हायला हवा. वहिनीचं कर्ज २९,९९८ रुपयांचं होतं, फोनचे २६,९९९ आणि प्लॅनचे २,९९९. तिचे २,३९९ रुपये फायनान्स कंपनीकडे गेले.

प्लॅनच्या कंपनीने ‘रिफंड केला’ असं कळवलं म्हणजे काम संपलं असं समजू नका. त्यांच्याकडून व्यवहाराचा यूटीआर क्रमांक घ्या. मग फायनान्स कंपनीकडून कर्ज खात्याचं स्टेटमेंट मागवा आणि त्या रकमेची जमा बाजूची नोंद शोधा. नोंद नसेल तर यूटीआरसह फायनान्स कंपनीला लेखी कळवा. नोंद असेल तर विचारा की हप्ता कमी होणार, शेवटचा हप्ता लहान होणार की एखादा हप्ता भरायचा नाही. तिन्ही पद्धती चालतात, पण उत्तर लेखी घ्या.

तोवर एकही हप्ता थांबवू नका. ‘प्लॅन रद्द झाला, आता कमी रक्कम भरतो’ असं ठरवून खात्यात पैसे कमी ठेवले तर पूर्ण हप्ता बाउन्स होतो, दंड बसतो आणि सिबिलवर नोंद जाते. अडीच हजारांच्या रिफंडसाठी पुढचं गृहकर्ज महाग करून घेऊ नका.

प्लॅनचे पैसे दर महिन्याला किंवा वर्षाला आपोआप कापले जात असतील तर बँकेच्या किंवा यूपीआय ॲपच्या ऑटोपे विभागात जाऊन तो मँडेट, म्हणजे पैसे कापायला दिलेली परवानगी, स्वतः बंद करा. पण फोनच्या हप्त्याचा मँडेट वेगळा असतो. नाव आणि रक्कम नीट वाचूनच बटण दाबा.

## ७. पैसे येत नसतील तर

अटींमध्ये रिफंडला किती दिवस लागतील ते लिहिलेलं असतं. ते उलटले की एक स्मरणपत्र पाठवा, आणि त्यालाही उत्तर नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर १९१५ ला फोन करा किंवा consumerhelpline.gov.in वर तक्रार नोंदवा. मराठीत बोलता येतं. हेल्पलाइन निकाल देत नाही, ती तक्रार कंपनीपर्यंत पोचवून उत्तर मागते. पण तुमचा हिशेब आणि कलम क्रमांक सोबत असेल तर एवढ्यानेच बरीच प्रकरणं मिटतात.

विमा असेल तर वाट वेगळी: आधी विमा कंपनीचा तक्रार विभाग, मग आयआरडीएआयचं बीमा भरोसा पोर्टल किंवा १५५२५५ हा नंबर, आणि शेवटी विमा लोकपाल. रिफंड फायनान्स कंपनीकडे अडकला असेल तर त्यांना तक्रार करून ३० दिवस झाल्यावर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं.

हे सगळं करूनही नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग. इथे आपल्या भागातल्या लोकांनी एक गोष्ट नीट बघावी. ऐरोली, कोपरखैरणे, वाशी, नेरूळ, बेलापूर हे ठाणे जिल्ह्यात येतात. खारघर, कामोठे, कळंबोली, उलवे, पनवेल हे रायगड जिल्ह्यात. पत्त्यावर नवी मुंबई लिहिलं असलं तरी खारघरच्या माणसाने राहत्या घराच्या आधारावर तक्रार करायची तर ती रायगडच्या आयोगाकडे. नोकरी ठाण्यात किंवा वाशीत असेल तर त्या आधारावर ठाण्यातही करता येते, कारण २०१९ च्या कायद्याने ग्राहकाला राहत्या किंवा कामाच्या ठिकाणी तक्रार करण्याची मुभा दिली आहे. कंपनीचं ऑफिस दुसऱ्या राज्यात आहे म्हणून तिकडे जावं लागत नाही.

तक्रार e-jagriti.gov.in वर ऑनलाइन भरता येते. दिलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी शून्य, आणि वकील लावण्याची सक्ती नाही. मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. तुमच्या प्रकरणात ते कारण म्हणजे बहुधा कंपनीने रिफंड नाकारल्याची किंवा कमी दिल्याची तारीख, म्हणून नकाराचा ईमेल पुसू नका. तक्रारीत प्लॅनची कंपनी पहिली विरुद्ध पक्ष, दुकान दुसरा आणि कर्ज असेल तर फायनान्स कंपनी तिसरी घाला. एकाने दुसऱ्याकडे बोट दाखवलं तरी तिघेही तिथे उत्तर द्यायला बांधील राहतात.